दाखल्यावर १ जून, गुन्हा मार्चमधला: आरोपी मुलगा अल्पवयीन होता का, हे कोर्ट कसं ठरवतं

सोलापुरात फौजदारी वकिली करताना पोराच्या अटकेनंतर आईबाप धावत येतात, तेव्हा त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत बहुतेक वेळा तीन कागद असतात: आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनं रेशनकार्ड. तिन्हींवर मुलाचं वय वेगवेगळं निघतं. "साहेब, यातलं खरं कुठलं?" असं मी विचारलं की आई म्हणते, "बेंदराच्या आसपास झालाय, साल नाही आठवत." घरात कुणी खोटं बोलत नसतं. विडी वळणाऱ्या, पॉवरलूमवर राबणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरात जन्मतारीख कुणाला लागतच नाही. ती पहिल्यांदा लागते शाळेत नाव घालताना आणि दुसऱ्यांदा पोलीस ठाण्यात.

वयाचा वाद उभा राहिल्यावर काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि कोर्ट नेमकं काय तोलून बघतं, ते इथे लिहितो. एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. ते एका माणसाचं नाही, अशा अनेक प्रकरणांतले धागे घेऊन रचलेलं आहे. कुटुंबाचं नाव-गाव मुद्दाम दिलेलं नाही.

मुलगा विडी घरकुल वसाहतीतला. १४ मार्च २०२५ च्या रात्री भांडण झालं, एकाला चाकू लागला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. अटक फॉर्मवर पोलिसांनी आधार बघून वय १९ लिहिलं, कारण आधारवर जन्मतारीख ०१/०१/२००६ होती. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून २००७ आहे. सरकारी वकिलांनी पुढे तिसरा कागद आणला. आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यात. तिथल्या जन्मनोंदीत त्याच आईबापांना २२ नोव्हेंबर २००६ रोजी मुलगा झाल्याची नोंद सापडली. तिच्यात बाळाचं नाव लिहिलेलं नाही.

आधी ठरवा, प्रश्न नेमका कुठल्या तारखेचा आहे

अटक झाली त्या दिवशीचं किंवा कोर्टापुढे उभं केलं त्या दिवशीचं वय बघायचं नसतं. बघायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. यावर पूर्वी घोळ होता. २००० साली अर्णित दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोर्टापुढे हजर केल्याचा दिवस धरला होता. २००५ मध्ये प्रताप सिंग विरुद्ध झारखंड राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मार्ग सोडून गुन्ह्याचा दिवस पक्का केला. आजच्या बाल न्याय कायद्यात, म्हणजे २०१५ च्या कायद्यात, व्याख्येतच तसं लिहिलेलं आहे.

आपल्या उदाहरणात गुन्हा १४ मार्च २०२५ चा. अठरा वर्षं मागे गेलो की १४ मार्च २००७ येतो. खरी जन्मतारीख नेमकी कुठली, हे कोर्टाला सिद्ध करून मिळालं तर उत्तमच. पण सगळा वाद शेवटी एवढ्याच प्रश्नावर येतो: हा मुलगा १४ मार्च २००७ च्या आधी जन्मला की नंतर? मी फाईलच्या पहिल्या पानावर ही तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. मग प्रत्येक कागद त्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतो ते मांडतो. आधारने वय १९ वर्षं २ महिने होतं. नावाविना असलेल्या जन्मनोंदीने १८ वर्षं ३ महिने २० दिवस. शाळेच्या तारखेने १७ वर्षं ९ महिने १३ दिवस. रेषेच्या एका बाजूला दोन कागद, दुसऱ्या बाजूला एक. पण इथे कागदांची मोजदाद चालत नाही.

अर्ज कधी आणि कुठे

मुलाला मॅजिस्ट्रेटपुढे रिमांडसाठी आणतात त्याच दिवशी तोंडी सांगा आणि लेखी अर्जही द्या. बाल न्याय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, समोरचा आरोपी अल्पवयीन आहे असं मॅजिस्ट्रेटचं मत झालं तर तशी नोंद करून त्याला ताबडतोब बाल न्याय मंडळाकडे पाठवायचं असतं. मामला सत्र न्यायालयात गेला असेल तर अर्ज तिथे करायचा. आरोपीने मागणी केलेली नसली तरी कोर्ट स्वतःहूनही चौकशी लावू शकतं.

चौकशी चालू असताना मुलाला ताब्यात ठेवायची गरज भासली तर पोलीस कोठडी आणि कारागृह या दोन जागा वर्ज्य आहेत. कलम ९ च्या चौथ्या पोटकलमात यासाठी 'सुरक्षित स्थळ' सांगितलेलं आहे. अर्जात ही विनंती वेगळ्या परिच्छेदात करा. वयाच्या गडबडीत ती राहून गेली तर पोरगा महिनाभर मोठ्या आरोपींच्या बराकीत राहतो. ते दिवस पुढचा कुठलाही आदेश भरून देत नाही.

उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. हा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी खटला कायमचा निकाली निघाल्यावरसुद्धा काढता येतो. पुण्यात १९९४ साली पाच महिला आणि दोन मुलांचा खून झाला, त्या खटल्यातल्या एका आरोपीला फाशीची शिक्षा झाली होती. तो राजस्थानचा. गावच्या शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय १२ वर्षं ६ महिने निघालं. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. तोवर तो २८ वर्षं आत होता. शाळेतल्या नावात आणि खटल्यातल्या नावात फरक होता, त्यामुळे नोंदीतला मुलगा आणि तुरुंगातला माणूस एकच आहे, हेही आधी ठरवावं लागलं. नावाचा हा पेच आपल्या उदाहरणातही पुढे येणार आहे.

कागदांची उतरंड

वय कसं ठरवायचं ते कलम ९४ मध्ये आहे. समोरचं मूल दिसताक्षणी लहान वाटत असेल तर मंडळ तसं नोंदवून पुढे जातं. वाजवी शंका असेल तर मग तीन पायऱ्या आहेत आणि त्या क्रमानेच उतरायच्या असतात. वरची पायरी शाबूत असेल तर खालचीकडे जाता येत नाही.

पहिली पायरी, शाळेकडून मिळालेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. हे नसेल तर दुसरी, महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हेही नसेल तर तिसरी, हाडांची तपासणी किंवा वय ठरवणारी दुसरी अद्ययावत वैद्यकीय चाचणी.

आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड आणि पोलिसांच्या अटक फॉर्मवरचं वय या तीनपैकी कुठल्याच पायरीवर नाहीत. आपल्या उदाहरणातला पोलिसांचा मुख्य आधार इथेच गळून पडतो. आधारवर ०१/०१ तारीख दिसली की बहुधा फक्त साल सांगितलं गेलेलं असतं, हे तर रोजचंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख ग्राह्य धरली. तिथे कलम ९४ चाच दाखला दिला होता.

इथे एक सावधगिरी सांगतो. २०२३ च्या पी. युवाप्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शाळा बदलताना मिळणारं ट्रान्सफर सर्टिफिकेट हा कलम ९४ मध्ये बसणारा कागद नव्हे. आपल्याकडे लोक 'एलसी' म्हणजे सगळ्यात पक्का पुरावा समजून तेवढ्यावरच थांबतात. तसं करू नका. एलसी जोडा, पण शाळेकडून जन्मतारखेचा वेगळा दाखला घ्या आणि ज्या जनरल रजिस्टरवरून तो उतरवला त्याचा साक्षांकित उताराही घ्या. आपल्या शहरात पहिली-दुसरी एका शाळेत, पाचवीपासून हायस्कूल दुसरीकडे, असं बहुतेक मुलांचं असतं. हायस्कूलच्या रजिस्टरमधली तारीख प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेली असते. म्हणून मुळाशी जायचं, पहिलीत नाव घातलं त्या शाळेकडे.

दाखला खरा, पण तारीख कुणी सांगितली?

माझ्या मते वयाच्या वादातला जीव इथे आहे. दाखला खोटा नसतो. तो रजिस्टरवरून हुबेहूब उतरवलेला असतो. प्रश्न रजिस्टरमधल्या तारखेचा असतो. १९८८ च्या बिरदमल सिंघवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळेच्या नोंदीला वजन येतं ते ती कुठल्या माहितीवरून केली आणि ती माहिती कुणी दिली यावरून. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३५ खालचा हा विचार होता. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २९ झालं आहे. कलम ९४ मुळे शाळेच्या दाखल्याला सुरुवातीलाच मान मिळतो, ही आता वेगळी गोष्ट. पण तो मान खोडून काढता येतो. सरकारी वकिलांनी ठोस काही समोर ठेवलं की पुन्हा तोच प्रश्न पुढे येतो: तारीख कुठून आली?

महाराष्ट्रात १ जून या तारखेला जन्मलेली माणसं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप किंवा आजी पोराला हाताला धरून न्यायची, गुरुजी विचारायचे, "कितवं लागलंय?" आजी म्हणायची, "सहावं." गुरुजी चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढे १ जून लिहायचे. त्यात वाईट हेतू नव्हता, पोरगं शाळेत यावं एवढीच इच्छा होती. पण अशी तारीख अंदाजाची आहे, हे कोर्ट एका नजरेत ओळखतं. म्हणून नुसती १ जून दिसली की नोंद बाद होते असं नाही. त्या नोंदीला दुसऱ्या आधाराची गरज लागते, इतकंच.

म्हणून मुख्याध्यापकांना साक्षीला बोलवावं लागतं. कलम ९ मध्ये एक छोटीशी अट आहे, जिच्याकडे नवे वकील दुर्लक्ष करतात: कोर्टाने पुरावा घ्यायचा, पण प्रतिज्ञापत्रावर नाही. आईचं नोटरी केलेलं शपथपत्र जोडून भागत नाही. माणूस पिंजऱ्यात उभा राहिला पाहिजे आणि समोरच्याला उलटतपास घेता आला पाहिजे. मुख्याध्यापकांच्या नावे समन्स काढायला सांगा आणि त्यात स्पष्ट लिहून घ्या: मूळ जनरल रजिस्टर, प्रवेश अर्ज आणि प्रवेश अर्जाला जोडलेले कागद. झेरॉक्स घेऊन आलेला लिपिक पुन्हा पाठवला जातो आणि त्यात पुढची तारीख पडते.

रजिस्टर टेबलावर आलं की मी ते असं बघतो. आधी त्या मुलाची ओळ नाही, तिच्या वरच्या-खालच्या दहा ओळी. रजिस्टर क्रमांक सलग आहेत का, प्रवेशाच्या तारखा पुढे पुढे जातात का, की मध्येच एखादी ओळ कोंबलेली दिसते? शाई आणि अक्षर बाजूच्या ओळींसारखंच आहे का? जन्मतारीख अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहिलेली असते, ती जुळते का? खाडाखोड असेल तर शेजारी शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीचा क्रमांक-दिनांक आणि सही आहे का? मग प्रवेश अर्ज. सही किंवा अंगठा कुणाचा आहे, आणि 'जन्मतारखेचा पुरावा' या रकान्यात काय लिहिलंय? सगळ्या पानावर दहापैकी आठ मुलांची तारीख १ जून असेल तर ते कोर्टापुढे लपवू नका. उलट मुख्याध्यापकांकडूनच काढून घ्या की त्या काळात पद्धत तीच होती. नोंद अंदाजाची असली तरी ती भांडणाच्या जवळजवळ बारा वर्षं आधी, गुन्ह्याचा मागमूसही नसताना झाली आहे, हे तुमचं बळ आहे.

उलट बाजूलाही हेच लागू पडतं. अटकेनंतर आठ दिवसांनी काढलेला, उशिरा नोंद केलेला जन्मदाखला कुणी आणला तर कोर्ट दाखल्यावरची जन्मतारीख सोडून आधी नोंदणीची तारीख वाचतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २१ दिवसांच्या आत नोंद अपेक्षित असते आणि वर्ष उलटल्यावर त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो आदेश गुन्ह्यानंतरचा असेल तर त्या दाखल्याचं वजन जवळजवळ संपतं. आईबापांना मी हात जोडून सांगतो, असा नवा कागद 'करून' आणू नका. तो टिकत नाही. आणि त्याच्या नादात खऱ्या शाळेच्या नोंदीवरचाही विश्वास उडतो.

बिननावाची जन्मनोंद

आता आपल्या उदाहरणात मुख्याध्यापक साक्षीला आले. जनरल रजिस्टर स्वच्छ निघालं. मुलगा जून २०१३ मध्ये पहिलीत आला, जन्मतारीख १ जून २००७, प्रवेश अर्जावर आजीचा अंगठा, पुराव्याच्या रकान्यात काही नाही. उलटतपासात सरकारी वकिलांनी विचारलं, "तारीख आजीने तोंडी सांगितली, बरोबर?" मुख्याध्यापक म्हणाले, "मी तेव्हा या शाळेत नव्हतो, पण कागद नाही म्हणजे तोंडीच असणार." मग सरकारी वकिलांनी अक्कलकोटची नोंद पुढे केली. २२ नोव्हेंबर २००६, मुलगा, आईबापांची नावं जुळतात. ही नोंद जन्मानंतर चार दिवसांत झालेली आहे. म्हणजे वजनाने ती भारीच.

इथे बऱ्याच वकिलांचा हात थांबतो. ते म्हणतात, "पण माय लॉर्ड, पायरी पहिली शाळेची आहे." ते खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. शाळेची नोंद विश्वासार्ह नाही, असं कोर्टाला वाटलं तर दुसरी पायरी उघडते, आणि त्या पायरीवर हा दाखला उभा आहेच. म्हणून ही नोंद या मुलाची नाही, हे दाखवावं लागतं.

या घरात दोन भाऊ आहेत, आरोपी धाकटा. आई म्हणते, नोव्हेंबरची नोंद थोरल्याची. मग थोरल्याचं रजिस्टर मागवायचं. तो त्याच शाळेत, जून २०१२ मध्ये पहिलीत, जन्मतारीख १ जून २००६. आता गणित मांडून बघा. थोरला खरोखर २२ नोव्हेंबर २००६ ला जन्मला असेल तर धाकटा १ जून २००७ ला जन्मूच शकत नाही. मध्ये फक्त १९१ दिवस आहेत, जेमतेम सव्वासहा महिने. म्हणजे आईचं म्हणणं मान्य केलं की शाळेची तारीख खोटी ठरते. सरकारी वकिलांनी नेमकं हेच बोट ठेवलं: "दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. मग शाळेची नोंद बाजूला ठेवा."

इथे घाबरून आईचं म्हणणं बदलायला लावायचं नाही. गणित शेवटपर्यंत न्यायचं. थोरला नोव्हेंबर २००६ चा असेल तर धाकटा शाळेतल्या तारखेपेक्षाही नंतरचा, म्हणजे १४ मार्च २००७ च्या रेषेच्या आणखी पलीकडचा. शाळेची तारीख चुकीची, पण चूक आरोपीला मोठा दाखवणारी. गुरुजींनी दोन्ही भावांना एकेक वर्ष मागेपुढे १ जून लावून टाकली, एवढाच त्याचा अर्थ. आणि नोव्हेंबरची नोंद धाकट्याची असेल तर मात्र तो गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण केलेला, सज्ञान. सगळा खटला एका प्रश्नावर येऊन थांबला: नोव्हेंबर २००६ चं बाळंतपण आईचं पहिलं की दुसरं?

याचं उत्तर जन्मदाखल्यावर नसतं. ते दवाखान्याच्या प्रसूती रजिस्टरमध्ये असतं. बाळंतिणीच्या नावापुढे तिची कितवी खेप आहे ते डॉक्टर किंवा नर्स त्याच वेळी लिहितात. कोर्टात अर्ज करून ते रजिस्टर मागवायचं आणि ते सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला साक्षीला बोलवायचं. इतक्या वर्षांपूर्वीचं रजिस्टर सापडेलच असं नाही, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. सोबत आईचं माता-बाल संगोपन कार्ड, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीची वही, गावच्या आशाताईंकडे काही असेल तर तेही. यातला एकही कागद कलम ९४ च्या पायरीवर नाही. पण वरच्या पायरीवरचा कागद कुणाचा आणि किती खरा, हे तपासायला ते उपयोगी पडतात.

रजिस्टर मिळालं आणि त्यात 'पहिली खेप' निघाली. नोंद थोरल्याची ठरली. धाकट्याची स्वतंत्र जन्मनोंद नाहीच, कारण तो घरी जन्मला. आता कोर्टापुढे उरतं ते असं: शाळेची नोंद दिवसापुरती अचूक नसेल, पण गुन्ह्याच्या खूप आधीची, बनावट नसलेली आणि भावाच्या जन्मनोंदीने दुजोरा मिळालेली, की मुलगा मार्च २००७ नंतरचाच. त्यावर आदेश होतो. 'दुसरी खेप' निघाली असती तर मुलाच्या बाजूने लढणाऱ्या वकिलालाही तो निकाल मान्य करावा लागला असता, आणि करायलाच हवा.

हाडं काय सांगू शकतात

कागद मुळातच नसले किंवा दोन्ही पायऱ्या मोडल्या, तरच वैद्यकीय तपासणी. आदेश झाल्यापासून १५ दिवसांत ती पूर्ण करायची असते. सोलापुरात मुलाला बहुतेक वेळा 'सिव्हिल'ला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात नेतात. दात मोजले जातात, अक्कलदाढेचा क्ष-किरण निघतो. कोपर, मनगट, कमरेचं हाड यांचे एक्स-रे काढून हाडांची टोकं मुख्य हाडाला जुळली आहेत का ते बघतात. कोपर आधी जुळतं, मनगट साधारण अठराच्या आसपास, कमरेच्या हाडाची कड त्यानंतर.

अडचण उघड आहे. अठराच्या आसपासचाच प्रश्न असतो आणि नेमकी तिथेच ही चाचणी एक आकडा देत नाही, पट्टा देते: 'सतरा ते एकोणीस'. १९८२ च्या जयमाला प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की क्ष-किरणावरून काढलेल्या वयात दोन्हीकडे दोन वर्षांची चूक असू शकते. जुन्या २००७ च्या नियमांत आरोपीला एक वर्षापर्यंतची सूट स्पष्ट लिहिलेली होती. २०१५ च्या कायद्यात ती ओळ नाही. सीमारेषेवरच्या प्रकरणात, दोन्ही निष्कर्ष सारखेच शक्य असतील तर कोर्टाने अल्पवयीन ठरवण्याकडे झुकावं, हे तत्त्व मात्र राजिंदर चंद्रा (२००२) पासून ऋषिपाल सिंग सोलंकी (२०२१) पर्यंत टिकून आहे. पंचविशी-तिशी ओलांडल्यावर तर हाडांचा अहवाल मागचं वय सांगायला फारसा कामाचा राहत नाही.

उलट, कागद एकमेकांशी भांडत असतील आणि वैद्यकीय मंडळ स्पष्टपणे अठराच्या वर सांगत असेल, तर कोर्ट मुलाच्या बाजूने ओढून निकाल देत नाही. जम्मूमधल्या एका बालिकेवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसंच केलं. शाळा आणि नगरपालिकेच्या नोंदी जुळत नव्हत्या, म्हणून वैद्यकीय मंडळाचं मत धरून आरोपी सज्ञान ठरवला. जखमीच्या घरच्यांनाही न्याय हवा असतो, आणि अल्पवयीनतेचं कवच ज्याचं नाही त्याने ते पांघरू नये, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या हातात चांगली शाळेची नोंद असेल तर 'हाडं तपासा' असा अर्ज स्वतःहून करू नका. घाईने केलेली ही मागणी मी कितीदा पाहिली आहे. 'अठरा ते वीस' असा अहवाल आला की चांगल्या कागदावर आपणच शंकेचं सावट टाकलेलं असतं. अश्वनी कुमार सक्सेना (२०१२) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चौकशीची मर्यादा आखून दिली आहे: नोंद बनावट किंवा फेरफार केलेली असल्याशिवाय तिच्या पलीकडे खोदत बसायचं नाही.

आदेश झाल्यावर

चौकशी संपली की आदेशात वय शक्य तितकं जवळचं, वर्ष-महिन्यांत नोंदवलेलं असावं. नुसतं 'अल्पवयीन' असं लिहिलं असेल तर दुरुस्ती मागा, कारण सोळाच्या खाली की वर यालाही अर्थ आहे. अत्यंत घृणास्पद गुन्ह्यात सोळा ते अठरामधल्या मुलाचं प्राथमिक मूल्यांकन होतं आणि त्याला सज्ञान म्हणून चालवण्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्या उदाहरणात तो येत नाही. कलम १०९ मध्ये किमान सात वर्षांची शिक्षा नाही, आणि शिल्पा मित्तल प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांना 'गंभीर' या वर्गात ठेवलं आहे. म्हणजे मामला मंडळापुढेच चालणार आणि फार तर तीन वर्षं विशेष गृहात पाठवता येणार.

सत्र न्यायालयाने दोषी ठरवल्यावर वयाचा आदेश आला तर शिक्षा निष्प्रभ होते आणि योग्य आदेशासाठी प्रकरण मंडळाकडे जातं. दोषसिद्धी पुसली जाते असा त्याचा अर्थ नाही, हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं.

मंडळाचा आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात अपील करायचं. त्यापुढे उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे आता त्यासाठी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. वय सांगा आणि मूल ताब्यात आहे हे सांगा. मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला या दोन कारणांपुढे लागत नाही.

मुलाचं नाव, शाळेचं नाव, फोटो कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ देऊ नका. कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करायला मनाई आहे. कागद गोळा करायला शाळेत जाल तेव्हाही मुख्याध्यापकांना तेवढं सांगा आणि रजिस्टरचा उतारा बंद पाकिटात घ्या.